कन्व्हर्जन रेट खरंच घसरला का?

समजा, गेल्या आठवड्यात वेबसाइटच्या ४,००० भेटींतून १२० ऑर्डर आल्या, या आठवड्यात तेवढ्याच भेटींतून १००. रेट ३ वरून २.५ टक्क्यांवर आला. 'सतरा टक्के घसरण' असा मेल टाकायला हात शिवशिवतात, पण आधी टक्के बाजूला ठेवून ऑर्डरींचे आकडे बघा. दोन्हींची बेरीज २२०, तिचं वर्गमूळ साधारण १५, दुप्पट ३०. फरक आहे २०, म्हणजे ३०च्या आतच. एवढा चढउतार निव्वळ योगायोगानेही होतो. त्यामुळे रिपोर्टमध्ये 'स्पष्ट बदल नाही' एवढंच लिहा. हाच फरक ४० असता तर कारण शोधायला घेतलं असतं.

हा हिशेब भेटी जवळपास सारख्या आणि रेट कमी असेल तरच चालतो. फरक ३०च्या वर गेला तरी आधी ट्रॅकिंग तपासा. चेकआउटवर ऑर्डरी मोजणारा कोडचा टॅग तुटला की ऑर्डरी खोट्याच घटलेल्या दिसतात.