रात्री दारू, सकाळी मळमळ: पोटात काय बिघडते आणि ते कसे सावरावे

आदल्या रात्री दारू झाली की सकाळी तीन तक्रारी बहुधा एकत्र येतात: मळमळ, पोटात किंवा छातीत जळजळ आणि अन्नावरची उडालेली वासना. आपण तिघींना मिळून ‘अ‍ॅसिडिटी’ म्हणतो आणि एकच गोळी घेतो. पण तिन्हींचे कारण एकच नाही. आम्लाची गोळी जळजळीला उपयोगी पडते, मळमळीवर मात्र तिचा फारसा परिणाम होत नाही. म्हणून आधी कोणती तक्रार कुठून येते ते ओळखावे आणि मग उपाय करावा.

आधी रात्रीचा हिशेब मांडा

एक नेहमीचे उदाहरण घेऊ. रात्री नऊ ते साडेअकरा या वेळात एकाने व्हिस्कीचे तीन मोठे पेग घेतले, म्हणजे 180 मिलि, एक क्वार्टर. सोबत फरसाण आणि मसाला शेंगदाणे होते. बाराला बिर्याणी खाऊन साडेबाराला तो आडवा झाला.

आपल्याकडच्या व्हिस्की-रमच्या बाटलीवर बहुधा 42.8 टक्के असे लिहिलेले असते. त्या हिशेबाने 30 मिलिच्या छोट्या पेगात साधारण 10 ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असते, म्हणजे क्वार्टरमध्ये 60 ग्रॅम. यकृत तासाला साधारण 7 ते 8 ग्रॅम अल्कोहोल मोडते. यात माणसागणिक फरक पडतो, पण कॉफी, थंड पाण्याची आंघोळ किंवा व्यायाम यांनी हा वेग वाढत नाही. 60 ग्रॅम मोडायला आठ तास लागतात, म्हणजे पहाटे पाचपर्यंत यकृत त्याच कामात गुंतलेले असते. त्रास सहसा रक्तातले अल्कोहोल संपत आले की सर्वांत जास्त जाणवतो. झोपताना बरे वाटत होते आणि सकाळी हाल झाले, याचे कारण हेच.

बीअर पिणाऱ्यांनीही हा हिशेब करावा. 8 टक्क्यांच्या स्ट्राँग बीअरच्या 650 मिलिच्या बाटलीत सुमारे 41 ग्रॅम अल्कोहोल असते, म्हणजे चार छोटे पेग. ‘फक्त दोन बाटल्या’ म्हणजे आठ पेग होतात.

जळजळ: अस्तर आणि आम्ल

जठराच्या आतल्या अस्तरावर चिकट श्लेष्माचा थर असतो आणि तो अस्तराला स्वतःच्याच आम्लापासून वाचवतो. तीव्र दारू हा थर विस्कटते आणि खालच्या पेशींना इजा करते, मग आम्ल थेट त्या सोललेल्या जागी लागते. ही इजा दारूच्या एकूण मात्रेइतकीच तिच्या तीव्रतेवरही अवलंबून असते. 30 मिलि व्हिस्की पाणी न घालता घेतली तर जठराला 42.8 टक्क्यांचा द्रव लागतो. त्याच पेगात 120 मिलि पाणी घातले की तो साडेआठ टक्क्यांवर येतो. यकृताचे काम तेवढेच राहते, पण अस्तराची होरपळ बरीच कमी होते. सोड्यापेक्षा साधे पाणी चांगले, कारण सोड्याच्या वायूने जठर फुगते आणि ढेकरेबरोबर आम्ल वर येते.

बीअर आणि वाइन यांची गोष्ट उलटी आहे. त्या अस्तराला कमी भाजतात, पण आंबवलेल्या पेयांतले काही घटक जठराला जास्त आम्ल सोडायला लावतात. व्हिस्की, रम, व्होडका अशा गाळलेल्या दारूत हा गुण जवळजवळ नसतो. बीअर सौम्य म्हणून पोटाला चांगली, हा समज त्यामुळे खरा नाही.

जळजळ नेमकी कुठे होते तेही पाहा. बेंबीच्या वर, बरगड्यांच्या मधोमध जळत असेल तर ते अस्तराचे दुखणे असते. छातीच्या हाडामागे जळत असेल आणि घशाशी आंबट पाणी येत असेल, तर आम्ल अन्ननलिकेत चढले आहे. अन्ननलिका आणि जठर यांच्या मधली झडप दारूने सैल पडते. त्यात आपल्या उदाहरणातल्या माणसाने बिर्याणी खाऊन अर्ध्या तासात अंग टाकले. अशा वेळी सकाळीही सपाट पडून राहू नये. पलंगाची डोक्याकडची बाजू सहा इंच उचलावी आणि डाव्या कुशीवर झोपावे. या कुशीवर जठर झडपेच्या खाली राहते.

मळमळ आणि भूक: दोन्ही एकाच साखळीतल्या

अल्कोहोल मोडताना यकृतात आधी अ‍ॅसिटाल्डिहाइड तयार होते आणि ते अल्कोहोलपेक्षा जास्त विषारी असते. पुढच्या टप्प्यात त्याचे निरुपद्रवी अ‍ॅसिटेट होते, पण तोवर ते त्रास देते. शिवाय रात्रभरात शरीरात दाह वाढलेला असतो, आणि दुखावलेल्या जठराकडून मेंदूतल्या उलटीच्या केंद्राकडे सतत इशारे जात असतात. या सगळ्यांतून सकाळची मळमळ येते. म्हणूनच नुसते आम्ल कमी केल्याने ती थांबत नाही.

भूक मरण्याचे आणखी एक साधे कारण आहे. तीव्र दारूने जठर रिकामे होण्याचा वेग मंदावतो. चरबीने तो आणखी मंदावतो. रात्री बाराची बिर्याणी सकाळीही पोटात जड वाटू शकते, मग नाश्त्याच्या नुसत्या वासानेही ढवळते. शरीर खरे तर स्वतःचा बचाव करत असते, म्हणून पहिले दोन तास बळजबरीने खाऊ नये.

मात्र एक अपवाद लक्षात ठेवा. यकृत अल्कोहोल मोडण्यात गुंतले की नवी साखर तयार करण्याचे त्याचे काम मागे पडते. रात्री जेवणच झाले नसेल आणि सकाळी घाम, थरथर, छातीत धडधड, गोंधळल्यासारखे होत असेल, तर रक्तातली साखर उतरलेली असू शकते. अशा वेळी भुकेची वाट न पाहता चार चमचे साखर पाण्यात विरघळवून घोट घोट द्यावी. मधुमेहाची औषधे किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांना हा धोका जास्त असतो. माणूस शुद्धीत नसेल तर तोंडात काहीही घालू नये, थेट 108 ला फोन करावा.

सकाळी काय करायचे, क्रमाने

1. उठल्यावर साध्या पाण्याचे दोन-तीन घोट घ्यावेत आणि पाच मिनिटे थांबावे. तहान खूप असते म्हणून तांब्याभर पाणी एकदम प्यायले जाते, जठर ताणले जाते आणि तेच पाणी उलटून पडते. उलटी झालीच तर पंधरा-वीस मिनिटे काही न घेता नंतर चमच्याने सुरुवात करावी.

2. अर्धा तास पाणी टिकले की ओआरएसकडे वळावे. पाकीट त्यावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यातच विरघळवावे, मोठे पाकीट बहुधा एक लिटरचे असते. घरी करायचे तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालावे. हे पाणी तीन-चार तासांत हळूहळू संपवावे. जळजळ असताना त्यात लिंबू पिळू नये. लिंबूपाणी हा आपल्याकडचा आवडता उपाय आहे, पण सोललेल्या अस्तरावर ते आणखी आम्लच ओतते. कोरा चहा आणि कॉफीही दुपारपर्यंत लांबवावी.

3. पोट थोडे शांत झाले की भाताची पातळ पेज अर्धी वाटी घ्यावी, चवीपुरते मीठ घालून. ती टिकली तर दीड-दोन तासांनी मऊ भात किंवा केळे खावे. दूध प्यायल्यावर लगेच गार वाटते, पण थोड्या वेळाने दुधामुळेच जठर पुन्हा आम्ल सोडते, म्हणून त्यावर विसंबू नये. मिसळ, वडे, तुपातले ऑम्लेट त्या दिवशी नकोच.

4. जळजळीसाठी द्रवरूप अँटासिड दोन चमचे म्हणजे 10 मिलि घ्यावे, पण पेज खाल्ल्यानंतर तासाभराने. रिकाम्या पोटी ते अर्ध्या-पाऊण तासात पुढे निघून जाते, अन्नावर घेतले तर दोन-तीन तास टिकते. पँटोप्राझोल किंवा ओमेप्राझोलची गोळी सकाळी घेऊन लगेच आराम मिळत नाही, ती काही तासांनी काम करते. आणि दारू पिण्याआधी ही गोळी घेतली की पोट वाचते असे मानू नका. गोळी आम्ल अडवते, पण दारू स्वतः अस्तराला जी इजा करते ती अडवत नाही. मूत्रपिंडाचा आजार असेल तर अँटासिडही डॉक्टरांना विचारूनच घ्यावे.

5. डोके दुखते म्हणून आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक किंवा अ‍ॅस्पिरिन घेऊ नये. डोकेदुखीच्या आणि अंगदुखीच्या अनेक जोडगोळ्यांत ती असतात, पाकिटामागे वाचून पाहा. या गोळ्या अस्तराचे उरलेले संरक्षणही काढून घेतात आणि जठरातून रक्तस्राव होऊ शकतो. पॅरासिटामॉल जठराला सौम्य असते, पण रोज पिणाऱ्याच्या यकृताला ते धोक्याचे ठरू शकते.

6. ‘उतारा’ म्हणून सकाळी पेग घेऊ नये. थोडा वेळ बरे वाटते, पण तेच सगळे चक्र पुन्हा सुरू होते, आणि तेही आधीच दुखावलेल्या पोटात.

साध्या प्रकरणात मळमळ दुपारपर्यंत ओसरते आणि भूक संध्याकाळपर्यंत परतते. अस्तराची वरवरची इजा एक-दोन दिवसांत भरून येते. तेवढे दिवस तिखट, सिगारेट आणि दारू टाळावी.

केव्हा घरी थांबू नये

उलटीत लाल रक्त किंवा कॉफीच्या चोथ्यासारखे काळपट कण दिसले, शौच डांबरासारखे काळे आणि चिकट झाले, तर रक्तस्राव होत आहे असे समजावे. वारंवार कोरड्या उमाळ्या येऊन नंतर लाल रक्त पडले, तर अन्ननलिकेच्या खालच्या टोकाला चीर गेलेली असू शकते. वरच्या पोटातली तीव्र कळ पाठीत जात असेल आणि पुढे वाकल्यावर थोडी कमी होत असेल, तर स्वादुपिंडाला सूज आल्याची शंका घ्यावी. सहा-आठ तास पाणीही टिकत नसेल तरी दवाखाना गाठावा.

हातभट्टीची किंवा कुठून आली ते माहीत नसलेली दारू घेतली असेल तर नियम आणखी कडक आहे. 2015 च्या जूनमध्ये मुंबईत मालाडच्या मालवणी भागात मिथेनॉल मिसळलेल्या दारूने शंभराहून अधिक माणसे गेली. मिथेनॉलची सुरुवात नेहमीच्या उतरत्या नशेसारखीच असते: मळमळ, उलट्या, पोटदुखी, तीही बारा ते चोवीस तासांनी. डोळ्यांपुढे धुके येणे, अंधुक दिसणे, श्वास जोरात चालणे ही पुढची खूण. या विषावर औषध आहे, पण वेळेत मिळाले तरच डोळे आणि जीव वाचतो. सोबत प्यायलेल्या सगळ्यांना, त्रास नसला तरी, त्याच वेळी मोठ्या रुग्णालयात न्यावे.

आणि एक वेगळी सकाळ ओळखायला हवी. रोज उठल्यावर मळमळते, कोरड्या उमाळ्या येतात, हात थरथरतात, आणि एक पेग घेतला की सगळे थांबते, असे होत असेल तर बिघाड कालच्या रात्रीपुरता नाही, शरीर दारूवर अवलंबून झाले आहे. अशा माणसाने मनानेच एकदम दारू बंद करू नये, कारण पहिल्या दोन-तीन दिवसांत झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो. हे दिवस डॉक्टरांच्या देखरेखीखाली, थरथर आणि झटके आवरणाऱ्या औषधांसह आणि ‘ब1’ जीवनसत्त्व देऊन पार पाडता येतात. जिल्हा रुग्णालयाचा मानसोपचार विभाग किंवा पुण्याच्या मुक्तांगणसारखे व्यसनमुक्ती केंद्र यासाठी आहे. तिथे गेल्यावर रोज किती आणि किती वर्षे घेतो ते खरे सांगावे, कारण औषधाची मात्रा त्यावरच ठरते.