बीम, गोळा आणि सोळाशे: दहा आठवड्यांच्या सरावाचा अनुभव

आमच्या भागातील बहुतेक मुले सैन्यभरती आणि पोलीस भरती या दोन्हींचे अर्ज भरतात आणि दोन्हींची मैदानी तयारी एकाच मैदानावर करतात. मीही 2024 मध्ये तेच केले. सैन्याच्या मेळाव्यात 1.6 किलोमीटर धावणे आणि बीम, म्हणजे पुलअप, यांना गुण असतात. नऊ फुटांचा खड्डा ओलांडणे आणि नागमोडी पट्टीवरून तोल सांभाळत चालणे यांत केवळ उत्तीर्ण व्हावे लागते. महाराष्ट्र पोलीस शिपाई भरतीत पुरुषांसाठी 1600 मीटर, 100 मीटर आणि 7.260 किलोचा गोळा असे एकूण 50 गुणांचे मैदान असते आणि त्यांपैकी किमान निम्मे गुण मिळाल्याखेरीज लेखी परीक्षेचा विचारच होत नाही. पोलीस भरतीत पूर्वी पुलअप आणि लांब उडीही होती, त्यामुळे गावातील जुन्या उमेदवारांचा सल्ला घेताना तो कोणत्या काळातील आहे, हे आधी विचारून घ्यावे लागते.

पोलिसांचे मैदान 19 जूनपासून सुरू होणार होते आणि मी एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात सरावाला लागलो, म्हणून हातात जेमतेम दहा आठवडे होते. पहिल्या दिवशी मोजणी केली तेव्हा सोळाशे मीटरला 6 मिनिटे 5 सेकंद लागले, बीम चार निघाले आणि गोळा 6.40 मीटरवर पडला. पूर्ण गुणांसाठी पोलिसांकडे सोळाशे मीटर 5 मिनिटे 10 सेकंदांत आणि गोळा 8.50 मीटर लागतो, तर सैन्याकडे धाव 5 मिनिटे 30 सेकंदांत आणि बीम दहा लागतात. हे अंतर पाहून मी पहिले दोन आठवडे रोज पहाटे सर्व काही केले: आधी जोरात चार-पाच किलोमीटर, मग हात सुटेपर्यंत बीम आणि शेवटी तीस-चाळीस वेळा गोळा.

दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी पुन्हा मोजले, तेव्हा गोळा 6.05 मीटरवर आला होता, बीम चारच होते आणि नडगीच्या आतल्या बाजूला दुखू लागले होते. मैदानावर मुलांना मार्गदर्शन करणाऱ्या एका निवृत्त सुभेदारांनी माझी वही पाहिली आणि म्हणाले, "अरे, दमलेल्या पायाने गोळा जात नाही. तू रोज थकायचा सराव करतो आहेस, फेकायचा नाही." पुढील आठ आठवड्यांची आखणी या एका वाक्यावर उभी राहिली. धावण्याला दम लागतो आणि दम थकव्यातून वाढतो. गोळ्याला झटका लागतो आणि तो फक्त ताज्या शरीरातून निघतो. बीम या दोहोंच्या मध्ये येते. त्यामुळे कोणता सराव किती करायचा, यापेक्षा कोणता कशानंतर करायचा, हे आधी ठरवावे लागते.

सुभेदारांनी आठवडा असा लावून दिला. रविवारी विश्रांती आणि म्हणून सोमवारी ताज्या पायांनी गोळा आणि 100 मीटरच्या छोट्या दौडी. मंगळवारी 400 मीटरच्या फेऱ्या. बुधवारी अगदी हळू, शेजारच्याशी बोलता येईल अशा गतीने पाच किलोमीटर. त्या हलक्या दिवसानंतर गुरुवारी पुन्हा गोळा आणि जोडीला उठाबशा व उड्या. शुक्रवारी 200 मीटरच्या आठ दौडी आणि शनिवारी सहा-सात किलोमीटरची सावकाश धाव. बीम सोमवार, बुधवार आणि शुक्रवारी संध्याकाळी. फेऱ्यांच्या दुसऱ्या दिवशी गोळा कधीही ठेवायचा नाही, हा या आखणीतील एकमेव कडक नियम होता.

नडगीच्या दुखण्याचे दोन प्रकार ओळखता आले पाहिजेत. हाडाच्या कडेने चार-पाच बोटे लांब पट्ट्यात दुखत असेल आणि अंग गरम झाल्यावर कमी होत असेल, तर डांबरी रस्ता सोडून मातीवर यावे आणि अंतर निम्मे करावे. माझे दुखणे असे होते आणि ते बारा दिवसांत ओसरले. मात्र बोटाच्या टोकाएवढ्या एकाच जागी दाबल्यावर कळ येत असेल आणि धावताना ती वाढतच जात असेल, तर हाडाला सूक्ष्म तडा गेल्याची शक्यता असते. तेव्हा धावणे बंद करून अस्थिरोगतज्ज्ञाकडेच गेले पाहिजे. माझ्या एका सोबत्याने गरम पट्टा बांधून तीन आठवडे रेटले आणि ते वर्ष गमावले.

धावण्याचे गणित सोपे आहे. सोळाशे मीटर म्हणजे 400 मीटरच्या चार फेऱ्या, म्हणून 5 मिनिटे 30 सेकंदांसाठी प्रत्येक फेरीला साडेब्याऐंशी सेकंद मिळतात. माझी सुरुवातीची फेरी 91 सेकंदांची होती. तिसऱ्या आठवड्यापासून मी मंगळवारी 86 सेकंदांच्या पाच फेऱ्या, मध्ये तीन मिनिटे चालत, अशा केल्या. पाचवी फेरी पहिलीइतक्याच वेळेत निघाली, तरच पुढच्या आठवड्यात एक-दीड सेकंद कमी करायचा. पाचवी चार सेकंदांनी लांबली, तर गती तीच ठेवायची. सातव्या आठवड्यात मी 83 सेकंदांवर आलो. नवखे उमेदवार बहुधा पहिल्या दोनशे मीटरमध्ये वेळ कमावायला जातात आणि तिसऱ्या फेरीत तीच वेळ दुपटीने परत करतात, म्हणून प्रत्येक 200 मीटरला 41 सेकंद हा आकडा मी मनगटावर पेनाने लिहून ठेवत असे.

बीमच्या बाबतीत माझी चूक हात सुटेपर्यंत लटकण्याची होती. ज्याला चार निघतात त्याने एका वेळी दोनच काढावेत आणि दोन-तीन मिनिटांच्या अंतराने असे आठ-दहा वेळा करावे, म्हणजे वीसच्या आसपास स्वच्छ बीम होतात आणि एकही झटका देऊन काढलेला नसतो. जोडीला स्टुलावरून हनुवटी दांड्यावर नेऊन पाच सेकंद मोजत खाली येण्याचे चार प्रयत्न करावेत, कारण खाली येताना स्नायू अधिक भार पेलतात आणि ताकद तेथूनच येते. सहाव्या आठवड्यात ताज्या अंगाने आठ निघू लागले. हातावरचे घट्टे आंघोळीनंतर घासून सपाट ठेवावेत. उंच राहिलेला घट्टा दांड्यावर अडकून कातडीसह निघतो आणि मग आठवडाभर दांडा धरता येत नाही.

गोळ्याबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण सर्वांत मोठा गैरसमज तेथेच आहे. गोळा हाताने फेकला जातो असे वाटते, पण दूर जाणारा गोळा पायाने ढकललेला असतो. तो तळहातावर न ठेवता बोटांच्या मुळाशी ठेवावा आणि जबड्याखाली मानेला टेकवावा. उजव्या हाताने फेकणाऱ्याने पाठ काहीशी फेकीच्या दिशेला करून वजन वाकवलेल्या उजव्या पायावर घ्यावे. मग आधी उजवी टाच आणि गुडघा वळतो, त्यामागे कंबर, नंतर छाती आणि सर्वांत शेवटी हात. या वेळी डावा पाय खांबासारखा ताठ राहिला पाहिजे, नाहीतर पायातून आलेला जोर पुढे सांडतो. कोपर खाली पडले, तर गोळा चेंडूसारखा फेकला जातो, जे नियमबाह्यही आहे आणि कोपरासाठी घातकही. चूक ओळखायला सोपी आहे: फेकीनंतर बोटे दुखली, तर गोळा हातात पुढे सरकला होता, कोपराची आतली बाजू दुखली, तर कोपर पडले होते, आणि गोळा उंच जाऊन जवळच पडला, तर कोन जास्त झाला होता. गोळा खांद्याच्या उंचीवरून सुटत असल्यामुळे 45 अंश हा कोन येथे लागू पडत नाही. चांगले खेळाडूही तो 35 ते 38 अंशांच्या आसपास सोडतात.

मी तीस-चाळीस फेकींवरून पंधरावर आलो. प्रत्येक फेक मोजायची आणि त्या दिवशीच्या सर्वोत्तम फेकीपेक्षा सलग दोन फेकी अर्ध्या मीटरने कमी पडल्या, की सराव थांबवायचा. पहिले तीन आठवडे जागेवरूनच फेकले; त्यानंतर वर्तुळाच्या मागच्या कडेपासून एक सरपट पाऊल घेऊन फेकायला शिकलो आणि त्यातून जवळजवळ अर्धा मीटर मिळाला. ताकदीसाठी आठवड्यातून एकदा धान्याची गोणी खांद्यावर घेऊन पाच-पाच बैठका आणि दोन्ही हातांनी जड दगड डोक्यावरून मागे फेकणे, एवढेच केले. या काळात माझे वजन तीन किलोने उतरले. त्याने बीम आणि धाव सुधारली, पण गोळ्याला फायदा झाला नाही. म्हणून आणखी वजन उतरवण्याचा मोह सोडून दिला.

सहाव्या आठवड्याच्या शनिवारी पूर्ण मैदान एकत्र करून पाहिले. सोळाशे 5 मिनिटे 46 सेकंदांत झाले. वीस मिनिटांनी गोळा टाकला तो 6.95 वर पडला, तर दोनच दिवसांपूर्वी ताज्या पायाने तो 7.35 गेला होता. आणि आठ निघणारे बीम पाचावर थांबले. सैन्याच्या मेळाव्यात धाव आधी असते आणि बीम त्यानंतर, म्हणजे तेथे उपयोगाचा आकडा आठ नसून पाच होता. म्हणून सातव्या ते नवव्या आठवड्यापर्यंत शुक्रवारचे बीम संध्याकाळऐवजी दौडी संपल्यावर दहा मिनिटांनी ठेवले. सोमवारचे मात्र ताज्या अंगानेच राहू दिले. दहाव्या आठवड्यात अंतर निम्मे केले, गती तीच ठेवली आणि शेवटचे दोन दिवस फक्त चाललो.

मैदानाच्या दिवशी पाऊस होता. ओला गोळा मानेवरून घसरतो, म्हणून मी पिशवीत ठेवलेला कोरडा टॉवेल प्रत्येक फेकीआधी हाताला आणि मानेला लावला. तीनपैकी पहिली फेक वर्तुळाबाहेर पाय पडल्याने बाद झाली, दुसरी मुद्दाम जागेवरून सुरक्षित टाकली आणि तिसरी 7.82 मीटर गेली. सोळाशे मीटर चिखलात 5 मिनिटे 34 सेकंदांत झाले. दोन्हींत पूर्ण गुणांचा टप्पा गाठता आला नाही, पण लेखी परीक्षेच्या यादीत नाव आले.

सैन्याचा मेळावा त्यानंतर झाला. तेथे एका वेळी मोठा जथा सोडतात आणि पहिल्या वळणावर इतरांच्या हातांची कोपरे लागतात, म्हणून मी बाहेरच्या बाजूने निघून दुसऱ्या फेरीत आत आलो आणि 5 मिनिटे 28 सेकंदांत पोहोचलो. बीमवर दहा काढले. मोजणाऱ्या जवानाने नऊच धरले, कारण सातव्या बीमनंतर खाली येताना माझे हात पूर्ण सरळ झाले नव्हते. दहाला 40 आणि नऊला 33 गुण असतात.