बाजारहिस्सा, सापेक्ष हिस्सा आणि बाजारवाढ: विक्रीच्या तक्त्यावरच्या गणितात या चुका टाळा

विपणनाच्या पेपरात विक्रीचा तक्ता देऊन तीन गोष्टी विचारल्या जातात: बाजारहिस्सा, सापेक्ष बाजारहिस्सा आणि बाजाराची वाढ. तिन्हींची सूत्रं एका ओळीत मावतात, आकडेमोडही शाळेतल्या शेकडेवारीपलीकडे जात नाही. तरी उत्तरं चुकतात आणि ती जवळजवळ नेहमी एकाच जागी चुकतात: भागाकाराच्या खाली चुकीचा आकडा घेतला जातो. म्हणून इथे एकच तक्ता घेऊन प्रत्येक वेळी छेदात काय यायला हवं आणि काय येतं, ते पाहू.

समजा प्रश्न असा आहे. पुणे शहरातल्या पाकीटबंद मसाल्यांच्या बाजारातली विक्री खाली दिली आहे. आकडे लाख रुपयांत आहेत आणि कंपन्या काल्पनिक आहेत.

| | २०२३-२४ | २०२४-२५ |
|---|---|---|
| अ | १८० | २१६ |
| ब | २४० | २७० |
| क | १२० | १३५ |
| इतर | २६० | २७९ |
| एकूण | ८०० | ९०० |

तक्त्याखाली दोन टिपा आहेत. एक, २०२४-२५ मध्ये 'अ'ने नाशिक आणि कोल्हापुरात आणखी १२४ लाखांचा माल विकला. दोन, पुण्याच्या या बाजारात २०२३-२४ मध्ये ४०० टन आणि २०२४-२५ मध्ये ४२० टन मसाला विकला गेला. 'अ'चा बाजारहिस्सा, सापेक्ष बाजारहिस्सा आणि बाजारवाढ काढा.

बाजार कुठला, ते आधी ठरवा

बाजारहिस्सा म्हणजे कंपनीची विक्री भागिले त्याच बाजाराची एकूण विक्री, गुणिले १००. यातला 'त्याच' शब्द पहिल्या टिपेमुळे निसटतो. टिपेत आकडा दिलाय म्हणजे तो वापरायचाच असणार, असं वाटतं आणि २१६ मध्ये १२४ मिळवून ३४० केले जातात. मग ३४० भागिले ९००, म्हणजे ३७.८ टक्के असं उत्तर येतं. पण ९०० लाख हा फक्त पुण्याचा बाजार आहे. नाशिक-कोल्हापूरची विक्री वर धरायची, तर तिथल्या सगळ्या कंपन्यांची विक्री खाली धरायला हवी, आणि ती प्रश्नात दिलेलीच नाही. ती टीप विद्यार्थ्याची पारख करण्यासाठी आहे.

बरोबर उत्तर: २१६ भागिले ९००, म्हणजे २४ टक्के. आदल्या वर्षी १८० भागिले ८००, म्हणजे २२.५ टक्के.

ही चूक पकडायला फार वेळ लागत नाही. सगळ्यांचे हिस्से काढून बेरीज करा. २०२४-२५ साठी अ २४, ब ३०, क १५ आणि इतर ३१, बेरीज बरोबर १००. 'अ'ला ३७.८ दिले, तर बेरीज ११३.८ होते. म्हणजे वरचा आणि खालचा आकडा एकाच बाजारातला नाही. हाच घोळ किमतीच्या पातळीवरही होतो. कंपनीची विक्री मार्केट यार्डातल्या घाऊक भावाने आणि बाजाराची एकूण विक्री दुकानातल्या छापील किमतीने दिली असेल, तर भागाकार करता येतो, पण त्याला अर्थ राहत नाही. दोन्ही आकडे एकाच पातळीवर आणल्याशिवाय पुढे जाऊ नका.

'इतर' हा स्पर्धक नाही

सगळ्यात जास्त गुण इथे जातात. सापेक्ष बाजारहिस्सा म्हणजे आपला हिस्सा भागिले सर्वांत मोठ्या स्पर्धकाचा हिस्सा. विद्यार्थी तक्त्यात नजर फिरवतो, 'अ' सोडून सर्वांत मोठा आकडा २७९ दिसतो, आणि २१६ भागिले २७९ म्हणजे ०.७७ लिहून टाकतो.

पण 'इतर' ही एक कंपनी नाही. ती पेठांमधल्या छोट्या उत्पादकांची, बचतगटांची, गिरणीवर मसाला कांडून पाकिटं भरणाऱ्यांची बेरीज आहे. त्यातल्या एकट्याचा हिस्सा कदाचित एक टक्काही नसेल. सापेक्ष हिश्श्यातून आपल्याला एका प्रतिस्पर्ध्यासमोर आपलं बळ मोजायचं असतं: त्याच्या तुलनेत आपण किती माल काढतो, आणि म्हणून आपला दर नग खर्च त्याच्यापेक्षा कमी असेल की जास्त. विखुरलेल्या छोट्यांच्या बेरजेला एक कारखाना समजून ही तुलना होत नाही.

म्हणून छेदात 'ब' येतो. २१६ भागिले २७० म्हणजे ०.८. हिस्से घेऊनही तेच येतं: २४ भागिले ३० म्हणजे ०.८. एकूण बाजार दोन्हीकडे समान असल्याने तो कटून जातो. त्यामुळे प्रश्नात फक्त सापेक्ष हिस्सा विचारला असेल, तर टक्केवारी काढायचीही गरज नाही, विक्रीच्या आकड्यांवरूनच थेट भाग द्या. त्यात पूर्णांकात आणण्याची चूकही टळते. २२.५ चे २३ करून ३० ने भागलं, तर २०२३-२४ चा सापेक्ष हिस्सा ०.७७ येतो, आणि थेट १८० भागिले २४० केलं तर बरोबर ०.७५.

'अ'च्या बाबतीत ०.७७ काय आणि ०.८ काय, दोन्ही एकापेक्षा कमीच, मग फरक काय पडतो, असं वाटू शकतं. तो फरक 'ब'साठी हिशेब केल्यावर कळतो. 'ब' स्वतःच बाजारात पहिला आहे. त्याच्यासाठी सर्वांत मोठा स्पर्धक म्हणजे दुसऱ्या क्रमांकाचा, म्हणजे 'अ'. २७० भागिले २१६ म्हणजे १.२५. छेदात 'इतर' घातलं, तर २७० भागिले २७९ म्हणजे ०.९७ येतं. एकच्या वरची कंपनी एकच्या खाली गेली, म्हणजे बाजारातला पहिला क्रमांकच तिच्याकडून काढून घेतला. काही जण 'सर्वांत मोठा' शब्द धरून 'ब'ला 'ब'नेच भागतात आणि उत्तर १ लिहितात. ते कधीच बरोबर नसतं, कारण कोणी स्वतःचा स्पर्धक नसतो.

ताळा पाहण्यासाठी लक्षात ठेवा: एका बाजारात सापेक्ष हिस्सा एकापेक्षा जास्त असणारी कंपनी फार तर एकच असते. दोघींचा एकच्या वर आला, तर कुठेतरी छेद चुकला आहे. आणि पहिल्या दोघींचे सापेक्ष हिस्से एकमेकांचे व्यस्त असतात. इथे ०.८ गुणिले १.२५ बरोबर १ येतो.

उत्तर ०.८ असंच लिहा. '८० टक्के' लिहिलं, तर तपासणाऱ्याला तो बाजारहिस्सा वाटू शकतो. प्रश्नातच वेगळी व्याख्या दिली असेल, उदाहरणार्थ पहिल्या तीन स्पर्धकांच्या बेरजेशी तुलना करायला सांगितली असेल, तर मात्र तीच पाळा.

वाढ कोणाची, आणि कशावर?

बाजारवाढ विचारली, की बरेच जण 'अ'च्या ओळीवर काम करतात: १८० वरून २१६, म्हणजे २० टक्के. ही कंपनीच्या विक्रीची वाढ झाली. बाजाराची वाढ 'एकूण'च्या ओळीतून येते: ९०० वजा ८०० म्हणजे १००, भागिले ८००, म्हणजे १२.५ टक्के. छेदात आदलं वर्ष येतं. १०० ला ९०० ने भागून ११.१ टक्के लिहिणं ही घाईतली नेहमीची चूक आहे. काही तक्त्यांत नवं वर्ष डावीकडे छापलेलं असतं, तिथे तर ती हमखास होते. वर्षांची शीर्षकं वाचल्याशिवाय वजाबाकी करू नका.

या दोन वाढींमधून एक चांगला ताळाही मिळतो. कंपनी बाजारापेक्षा वेगाने वाढली, तर तिचा हिस्सा वाढलाच पाहिजे. १.२० भागिले १.१२५ म्हणजे साधारण १.०६७. २२.५ ला त्याने गुणलं, की २४ येतात. जमलं नाही, तर तिन्हींपैकी एक आकडा चुकला आहे.

इथेच भाषेची एक अडचण येते. हिस्सा २२.५ वरून २४ झाला, तेव्हा तो 'दीड टक्क्याने वाढला' असं आपण सहज म्हणतो. उत्तरपत्रिकेत 'दीड टक्केबिंदूंनी वाढला' असं लिहा. मूळ हिश्श्याच्या तुलनेत तो सुमारे ६.७ टक्क्यांनी वाढला आहे.

रुपये की टन

दुसरी टीप मात्र कामाची आहे. टनांत पाहिलं तर बाजार ४०० वरून ४२० वर गेला, म्हणजे फक्त ५ टक्के. रुपयांत १२.५ टक्के. उरलेला फरक भावाचा आहे: ८०० लाख रुपयांत ४०० टन म्हणजे किलोला २०० रुपये, ९०० लाखांत ४२० टन म्हणजे किलोला सुमारे २१४ रुपये. १.०५ गुणिले १.०७१ केलं, की १.१२५ मिळतात.

पुढचा उपप्रश्न बहुधा बीसीजी मॅट्रिक्सचा असतो. बॉस्टन कन्सल्टिंग ग्रुपचे ब्रूस हेंडरसन यांनी १९७० मध्ये मांडलेल्या या चौकटीत सापेक्ष हिश्श्याची रेषा सहसा १ वर आणि बाजारवाढीची १० टक्क्यांवर धरतात. या दोन रेषांनी चार खाने पडतात. रुपयांतली वाढ घेतली, तर 'अ' क्वेश्चन मार्क ठरते, म्हणजे वाढ जास्त पण हिस्सा कमी, आणि 'ब' स्टार, म्हणजे दोन्ही जास्त. टनांतली घेतली, तर 'अ' डॉग, म्हणजे दोन्ही कमी, आणि 'ब' कॅश काऊ, म्हणजे हिस्सा जास्त पण वाढ कमी. तक्ता तोच असून सल्ला पूर्ण उलटतो: एकीकडे 'अ'मध्ये पैसा घालायचा का याचा विचार, दुसरीकडे तिथून पाय काढण्याचा.

प्रश्नात काहीच सांगितलं नसेल, तर ज्या एककात हिस्सा काढला त्याच एककात वाढ काढा. इथे कंपन्यांची विक्री फक्त रुपयांत दिली आहे, म्हणून वाढही १२.५ टक्केच धरायची. खाली एक ओळ मात्र लिहा: 'वाढ मूल्यावर आधारित आहे, प्रमाणात वाढ ५ टक्के, उरलेली भाववाढ.' तपासणाऱ्याला त्यातून कळतं की दुसरी टीप तुम्ही वाचली आहे आणि ती कुठे लागू पडते हे तुम्हाला माहीत आहे.

तक्त्यात तीन वर्षं असली तर

समजा २०२२-२३ चा एकूण बाजार ६४० लाख दिला आणि सरासरी वार्षिक वाढ विचारली. ६४० वरून ९०० म्हणजे ४०.६ टक्के, त्याचे दोन भाग करून २०.३ लिहिणं चूक आहे, कारण दुसऱ्या वर्षाची वाढ ६४० वर नाही, ८०० वर झाली. चक्रवाढीने काढा: ९०० भागिले ६४० म्हणजे १.४०६, त्याचं वर्गमूळ सुमारे १.१८६, म्हणजे वर्षाला १८.६ टक्के. वर्गमूळ, कारण स्तंभ तीन असले तरी मधली अंतरं दोनच आहेत. घाईत घनमूळ काढलं जातं आणि वाढ १२ टक्क्यांवर येते. पडताळा सोपा आहे: ६४० ला १.१८६ ने दोनदा गुणा. गुणाकार ९०० च्या आसपास पोचला, की अंतरं बरोबर मोजली आहेत.