पाव किलोच्या पुड्यातली गळती

अण्णांचं हृदयाचं ऑपरेशन झालं आणि किराणा दुकानाची वही माझ्या हाती आली. मी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला होते, पण रोजमेळ कधी लिहिला नव्हता.

पहिल्या महिन्याचा हिशेब असा मांडला: सुरुवातीचा माल २ लाख १० हजार, त्यात खरेदी २ लाख ६४ हजार, वजा शेवटी उरलेला माल १ लाख ९५ हजार. म्हणजे विकलेल्या मालाला २ लाख ७९ हजार पडले होते. विक्री ३ लाख ६ हजार. नफा शेकडा नऊसुद्धा नाही, आणि अण्णांच्या जुन्या वह्यांत तो अकराच्या आसपास दिसत होता.

आधी संशय उधारीवर गेला. पण उधारी विक्रीतच धरलेली असते. तिने गल्ला रिकामा दिसतो, नफ्याचा टक्का पडत नाही. मग उरलेला माल पुन्हा मोजला, खरेदीच्या भावाने. (नवख्याच्या हातून तो विक्रीच्या भावाने धरला जातो आणि नफा फुगतो.) घरी नेलेला किराणाही वहीत लिहिलेला होता. तरी फरक तिथेच.

पुड्याबंद मालावर किंमत छापलेली, तिथे गळायला जागा थोडी. म्हणून सुटा माल धरला. साखरेचं ५० किलोचं एक पोतं वजन करून घेतलं आणि सगळं पाव किलोच्या पुड्यांत भरायला सांगितलं. हमाली-भाड्यासह पोतं २,०८० रुपयांना पडलं होतं. ११ रुपयांचे २०० पुडे व्हायला हवेत, म्हणजे २,२०० रुपये. भरले १८५. त्यांचे २,०३५ रुपये. १२० रुपये सुटायचे तिथे ४५ रुपयांचा तोटा!

मी चार-पाच पुडे काट्यावर ठेवले. प्रत्येक २७० ग्रॅमच्या आसपास.

"काका, हे एवढं जास्त का?"

"ताई, माप कमी भरलं तर नाव अण्णांचं जातं."

काका वीस वर्षं आमच्याकडे आहेत. त्यांच्या मनात खोट नव्हती. किलोच्या पुड्यातही त्यांचा हात वीसच ग्रॅम जास्त जायचा, पण तिथे ते शेकडा दोन होतात, पाव किलोत शेकडा आठ. साखरेवरचा आमचा नफा शेकडा साडेपाचच्या आत. आजारापूर्वी पुडे भरताना अण्णा शेजारी बसायचे, म्हणून हे साचलं नव्हतं. डाळ, रवा, शेंगदाणे तपासले, तिथेही तेच.

आता रिकामी पिशवी काट्यावर ठेवून आधी शून्य करतो आणि २५५ ला थांबतो. आमचा काटा पाच-पाच ग्रॅमने सरकतो, त्यामुळे त्याहून बारीक जाता येत नाही आणि गिऱ्हाइकाला कमीही द्यायचं नाही. पुढच्या पोत्यातून १९६ पुडे निघाले.

अण्णा घरी आले तेव्हा मी ते पान त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी १८५ च्या आकड्यावर बोट ठेवलं आणि विचारलं, "शेंगदाण्याचे किती भरले होते?"