शोधनिबंधाची गोष्ट करताना सुरुवात कुठून करायची?

गोषवाऱ्यातून नको, ‘साहित्य व पद्धती’ या भागातून करा. समजा, निबंध खानापूर भागातल्या भातावरचा करपा रोग आणि युरियाचं प्रमाण यांवर आहे. संशोधकांनी पानं कधी तपासली, ते तिथं सापडतं. मग पहिलं वाक्य जमतं: ‘दहा वाजले तरी दव वाळलं नव्हतं आणि पानावर होडीच्या आकाराचे, मध्ये राखाडी ठिपके होते.’ एवढा तपशील निबंधात नसेल तर लेखकाला फोन करून विचारा. मनानं शेतकरी उभा करू नका.

‘परिणाम व चर्चा’ऐवजी ‘युरिया जास्त पडला तर?’ असं उपशीर्षक द्या.

एक चूक हमखास होते. ‘सार्थ फरक आढळला नाही’ याचं ‘फरक पडत नाही’ करू नका. ‘या चाचणीत ठाम फरक दिसला नाही’ एवढंच लिहा.