देणगीदारांची प्रकल्पभेट: वेळापत्रक आखताना आणि छायाचित्रे घेताना या चुका टाळा

देणगीदारांच्या भेटीचे वेळापत्रक बिघडणार आहे की नाही, हे ते कागदावर असतानाच ओळखता येते. एका ठिकाणचा कार्यक्रम जिथे संपतो त्याच मिनिटाला पुढचा प्रवास सुरू होत असेल, तर ते वेळापत्रक पाळले जाणार नाही, असे खुशाल समजावे.

एक उदाहरण घेऊ. सहा पाहुणे सकाळी 9:00 वाजता निघणार, तीन केंद्रे पाहणार आणि संध्याकाळी 6:00 ची गाडी पकडणार आहेत. मोबाइलवरील नकाशा पहिल्या केंद्रापर्यंत 40 मिनिटे दाखवतो, म्हणून तिथे 9:40 ते 10:40 आणि दुसऱ्या केंद्रात 11:05 ते 12:05 अशी आखणी होते. प्रत्यक्षात सगळे गाडीत बसेपर्यंत 9:20 होतात आणि शेवटचा कच्चा रस्ता धरून प्रवासाला तासभर लागतो. स्वागत आणि परिचय यांत आणखी 20 मिनिटे जातात, तेव्हा खरी बातचीत 10:40 ला, म्हणजे निघायच्या वेळेला सुरू होते. दुभाष्यामार्फत बोलताना प्रत्येक वाक्य दोनदा उच्चारले जाते, हेही आखणीत कोणी धरलेले नसते. दुसऱ्या केंद्रात पोहोचायला 12:30 वाजतात आणि कामाचा खाडा करून 10:30 पासून येऊन बसलेल्या बाया तोवर दोन तास ताटकळलेल्या असतात.

यावर उपाय म्हणजे भेटीपूर्वी त्याच प्रकारच्या वाहनाने, त्याच वेळेला सगळ्या मार्गावर एकदा जाऊन येणे आणि मग शेवटाकडून उलट हिशेब करणे. परतीला नकाशावर 70 मिनिटे दिसत असली आणि प्रत्यक्ष फेरीत 95 लागली असतील, तर 5:15 ला स्थानकावर पोहोचण्यासाठी 3:40 ला निघावे लागेल. निरोपासाठी आणि अडचणीसाठी 20 मिनिटे राखली, तर शेवटची भेट 3:20 ला संपली पाहिजे. पहिल्या केंद्रात 10:20 ते 12:00, त्यानंतर तासाभराचे जेवण, 40 मिनिटांचा प्रवास, 20 मिनिटांची सवड आणि दुसऱ्या केंद्रात 2:00 ते 3:20 एवढेच या दिवसात बसते. तिसरे केंद्र वगळावे लागते, आणि ते भेटीच्या दिवशी रस्त्यात वगळण्यापेक्षा आठवडाभर आधी वगळलेले बरे, कारण मग तिथल्या लोकांना निरोप वेळेवर देता येतो.

भेटायच्या माणसांच्या यादीत बहुधा केंद्रप्रमुख आणि नीट बोलणारे दोन लाभार्थी एवढेच असतात. पढवलेली उत्तरे पाहुण्यांना लगेच कळतात: तिघांच्या तोंडी तेच वाक्य येते. रोज काम करणारा कार्यकर्ता आणि शक्य असल्यास योजना मध्येच सोडलेली एखादी व्यक्तीही यादीत असावी. कोणत्या प्रश्नाचे उत्तर द्यायचे नाही हे ठरवण्याचा हक्क आपल्याला आहे, हे प्रत्येकाला आधी सांगून ठेवावे; केंद्रप्रमुख समोर बसले असताना तो हक्क कोणी वापरत नाही, म्हणून निम्मा वेळ त्यांना काही पाहुण्यांबरोबर दुसरीकडे गुंतवून ठेवावे.

सर्वांत महाग चूक मात्र छायाचित्रांची. पाहुणे समोर उभे असताना “फोटो काढला तर चालेल ना?” असे विचारले, तर मिळालेल्या होकाराला संमती म्हणता येत नाही, कारण ज्याच्या पैशावर केंद्र चालते त्याला तोंडावर नाही कोण म्हणेल? संमती दोन-तीन दिवस आधी, ओळखीच्या कार्यकर्त्याने, लोकांच्या भाषेत वाचून दाखवून घ्यावी. संमतिपत्रात संस्थेची नोंद, वार्षिक अहवाल, समाजमाध्यमे आणि पाहुण्यांचा स्वतःचा वापर अशा चार स्वतंत्र चौकटी असाव्यात. पुष्कळ जण पहिल्या दोन्हींना होकार देतात आणि तिसरीला देत नाहीत. एकच सही घेतली की हा फरक पुसला जातो. मुलांच्या बाबतीत पालकांची सही हवीच, पण मूल स्वतः नको म्हणत असेल तर सही असूनही छायाचित्र घेऊ नये. ज्या प्रकल्पात येणे हीच गोष्ट आजार किंवा अत्याचार उघड करते, तिथे चेहरा दिसेल असे छायाचित्र घेऊच नये.

नकार दिलेल्यांच्या अंगावर खूण लावणे अपमानास्पद आहे. त्याऐवजी सामूहिक छायाचित्राला वेगळी जागा ठरवावी आणि संमती दिलेल्यांनाच तिथे बोलवावे.

एवढे करूनही चित्रे बाहेर जातात ती पाहुण्यांच्या खिशातल्या फोनमधून. म्हणून छायाचित्रे संस्थेचा एकच माणूस काढील आणि निवडलेली चित्रे चार दिवसांत पाठवली जातील, हे निमंत्रणातच लिहावे आणि गाडीत पुन्हा सांगावे. पाठवण्यापूर्वी चित्रांच्या फाइलमधील ठिकाणाची नोंद काढून टाकावी, आणि कोणते चित्र कोणाला दिले याची संमतिपत्राच्या क्रमांकासह वही ठेवावी. पुढे कोणी संमती मागे घेतली, तर ते चित्र कोणाकडून काढून टाकायला सांगायचे हे त्या वहीतूनच कळेल.