जॉइनिंग पुढे ढकललं? "ओके, नो प्रॉब्लेम" लिहिण्याआधी हे वाचा

नोटीस पूर्ण झाली. 31 मे, शुक्रवारी रिलीव्हिंग लेटर हातात आलं. शनिवारी सकाळी नव्या कंपनीच्या एचआरचा मेल: सोमवारचं, म्हणजे 3 जूनचं जॉइनिंग आता 15 जुलैला. पोटात गोळा येतो आणि घाईघाईत उत्तर जातं, "ओके, नो प्रॉब्लेम."

सगळ्यात महाग पडते ती हीच चूक. 3 जून ही दोघांनी मान्य केलेली तारीख होती आणि ती तुम्ही स्वतःच सोडून दिलीत. पुढे त्या सहा आठवड्यांच्या पगाराचा विषय काढलात, तर तुमचाच मेल तुमच्यापुढे ठेवला जाईल. मेल मिळाल्याचं कळवणं वेगळं, नवी तारीख मान्य करणं वेगळं.

आधी ऑफर लेटर उघडा. जॉइनिंगची तारीख बदलण्याचा अधिकार कंपनीने राखून ठेवल्याचं वाक्य आहे का, ते पाहा. असेल तर पगाराची मागणी कमजोर होते, पण विचारायला काहीच आडकाठी नाही. मग त्याच दिवशी असं लिहा:

"आपला मेल मिळाला. 3 जूनला रुजू होण्याचं ठरल्यामुळे मी राजीनामा दिला आणि 31 मे रोजी कार्यमुक्त झालो. मी आजही 3 जूनला रुजू होण्यास तयार आहे. तारीख पुढे नेणं अपरिहार्य असेल, तर कृपया कारण कळवावं, 15 जुलै ही तारीख नमूद केलेलं आणि बाकी अटी कायम ठेवणारं सुधारित ऑफर लेटर द्यावं, आणि मधल्या काळाच्या वेतनाबाबत कंपनीची भूमिका सांगावी. 5 जूनपर्यंत उत्तर मिळाल्यास मला पुढचा निर्णय घेता येईल."

यातलं "आजही तयार आहे" हे वाक्य गाळू नका. उशीर तुमच्यामुळे झालेला नाही, याची लेखी नोंद त्यातून राहते. पूर्ण पगार नाही मिळाला, तरी एकरकमी भरपाई किंवा थोडं लवकर जॉइनिंग यावर बोलणी होऊ शकतात.

याउलट पहिल्याच मेलमध्ये कोर्टाची भाषा केली, की प्रकरण कायदा विभागाकडे जातं आणि जो एचआर आतून तुमच्यासाठी प्रयत्न करू शकला असता, तोही बोलायचा थांबतो. हक्क काय आहेत हे वकिलाला जरूर विचारा, पण ते मेलमध्ये नंतर येऊ दे.

एचआरने फोनवर "काळजी करू नका, ऑफर पक्की आहे" म्हटलं, तर फोन ठेवल्यावर लगेच "आत्ताच्या बोलण्यानुसार..." अशी सुरुवात करून तेच मेलवर लिहा.

उत्तरात तारखेऐवजी "पुढील सूचनेपर्यंत" आलं, तर ऑफर अधांतरी आहे असं समजा. जुन्या मॅनेजरला त्याच दिवशी फोन करा. तुमची जागा अजून भरली नसेल, तर परत घेण्याची शक्यता पहिल्या काही दिवसांतच असते. नकार दिलेल्या दुसऱ्या कंपनीलाही कळवा आणि मुलाखती पुन्हा सुरू करा. सुधारित लेटर येऊन 15 जुलैला प्रत्यक्ष रुजू होईपर्यंत त्या थांबवू नका.